घसा दुखणं वेगळं आणि स्वतःची थुंकी गिळता न येणं वेगळं

घसा दुखायला लागला की आपण सगळे काय करतो, आरशासमोर उभं राहून आ करतो, मोबाईलचा टॉर्च मारतो आणि बघतो लाल झालंय का, टॉन्सिल सुजलेत का. काही दिसलं नाही की म्हणतो काही विशेष नाही, गुळण्या करू, होईल बरं. बहुतेक वेळा होतंही बरं. पण घशाचं जे सगळ्यात धोक्याचं दुखणं आहे ना, ते नेमकं आरशात न दिसणाऱ्या जागी असतं, आणि म्हणून आज त्याच एका दुखण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ते एकदा कळलं की लाळ का गळते, आवाज का बदलतो, श्वासाला आवाज का येतो हे सगळं आपोआप कळतं, पाठ करावं लागत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. आ केल्यावर मधोमध लोंबताना दिसते ती पडजीभ. तिच्याबद्दल मी बोलत नाहीये. जीभ जिथे संपते असं आपल्याला वाटतं तिथून ती अजून खाली उतरते, आणि तिच्या अगदी मुळाशी एक छोटं, पानासारखं, लवचिक झाकण असतं, त्याला एपिग्लॉटिस म्हणतात. घशाच्या त्या भागात दोन रस्ते फुटतात, पुढचा श्वासनळीचा आणि मागचा अन्ननळीचा. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि हे झाकण मागे झुकून श्वासाची वाट झाकतं, घास मागच्या रस्त्याने जातो, मग झाकण परत उभं राहतं आणि आपण श्वास घेतो. दिवसातून शेकडो वेळा हे होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता या झाकणाला आणि त्याच्या आजूबाजूच्या मऊ भागाला जंतुसंसर्ग झाला की ते सुजतं. पानासारखं पातळ असलेलं ते बोटासारखं जाड होतं. मानेचा बाजूने एक्सरे काढला तर ते खरोखर अंगठ्याच्या ठशासारखं दिसतं, डॉक्टर लोकं त्याला थम्ब साईनच म्हणतात. या आजाराचं नाव एपिग्लॉटायटिस. सर्दी-खोकल्यासारखा रोज दिसणारा आजार नाही हा, पण झाला तर काही तासांत श्वासाची वाट बंद करू शकतो.

एक उदाहरण घेऊ, केस मी रचलेली आहे पण यातली एकेक पायरी खऱ्या आजारात अशीच घडते. समजा 52 वर्षांचे एक गृहस्थ आहेत, डायबेटीस आहे. रविवारी संध्याकाळी घसा दुखायला लागला, अंगात थोडी कणकण. सोमवारी दुपारी जवळच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तोंडात बघितलं, किंचित लाल होतं, टॉन्सिल ठीक, ताप 101, गोळ्या दिल्या. यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही, जे दिसत होतं त्यावर तेच बरोबर होतं. पण सोमवारी रात्री नऊला गृहस्थ गोळी घ्यायला बसले आणि गोळी गिळता येईना, पाणी परत तोंडातून बाहेर आलं. बायको म्हणाली, "अहो घोट घोट घ्या ना." ते नुसती मान हलवतात. अकरा वाजता हातात एक भांडं घेऊन बसलेत आणि त्यात थुंकतायत, सारखे, दर मिनिटाला. आवाज असा येतोय की तोंडात मोठा गरम घास धरून कोणी बोलतंय. मुलगी म्हणते, "बाबा, आडवे पडा जरा, बरं वाटेल," तर ते आडवं होऊन लगेच उठून बसतात. पुढे झुकून, हात गुडघ्यांवर टेकून, हनुवटी पुढे काढून.

इथे थांबून बघू की या माणसाचं शरीर काय सांगतंय.

सगळ्यात आधी लाळ. आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळत असतो. लाळ गळते म्हणजे लाळ जास्त बनतेय असं नाही, ती खाली जात नाहीये. गिळताना ते सुजलेलं झाकण दाबलं जातं आणि इतकं प्रचंड दुखतं की माणूस गिळणंच थांबवतो, शिवाय सुजेमुळे वाटही अडलेली असते. साध्या घसादुखीत पण गिळताना दुखतं हे खरंय, पण माणूस तोंड वाकडं करून का होईना थुंकी गिळतो. म्हणून घरात कोणाचा घसा दुखत असेल तर किती दुखतंय हे विचारण्यापेक्षा "थुंकी गिळता येतेय का, गिळून दाखव" असं विचारा. प्यायला पाणी देऊन टेस्ट करू नका, नुसती स्वतःची थुंकी. गिळता येत नसेल, भांड्यात किंवा रुमालात थुंकावं लागत असेल, तर ती रात्र घरी काढायची नाही.

मग आवाज. इथे लोकांची फार गल्लत होते, कारण घसा बसणं सगळ्यांना माहिती असतं. घसा बसतो तेव्हा आवाज घोगरा, खरखरीत, फुटका होतो, कधी नुसती कुजबुज उरते, कारण तिथे स्वरतंतू सुजलेले असतात आणि आवाज तयारच नीट होत नाही. आपल्या या गृहस्थांचे स्वरतंतू ठीक आहेत, आवाज नीट तयार होतोय, पण वर येताना त्याच्या वाटेत सुजेचा गोळा बसलाय. म्हणून तो दबका, कोंडलेला, उशीतून आल्यासारखा ऐकू येतो. घोगरा नाही, दबका. फोनवर बोलताना घरच्यांना हा फरक पटकन कळतो, कारण ओळखीचा आवाज अनोळखी वाटायला लागतो. रुग्णाला स्वतःला मात्र बऱ्याचदा कळत नाही, त्यामुळे घरच्यांच्या कानावर जास्त विश्वास ठेवा.

श्वासाचा आवाज. वाट अरुंद झाली की श्वास आत घेताना एक बारीक, उंच, शीळ घातल्यासारखा किंवा कर्कश आवाज येतो, त्याला स्ट्रायडर म्हणतात. तो आत घेतानाच जास्त का येतो, तर श्वास ओढताना नळीत खेच तयार होते आणि त्या खेचेने आधीच सुजलेला मऊ भाग आतल्या बाजूला ओढला जातो, ओल्या कागदी स्ट्रॉमधून जोरात ओढलं की ती चिकटते तसं. दम्याची शीळ बहुतेक श्वास सोडताना जास्त येते आणि छातीतून येते, ही घशातून, मानेजवळून येते. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, मोठ्या माणसांत हा आवाज खूपदा येतच नाही, किंवा उशिरा येतो. तोपर्यंत बरीच वाट बंद झालेली असते. त्यामुळे "श्वासाचा आवाज तर नाही ना, मग सकाळी बघू" हे चालणार नाही, गळणारी लाळ आणि दबका झालेला आवाज ही दोनच लक्षणं निघायला पुरेशी आहेत. उलट आधी श्वासाचा आवाज येत होता आणि आता माणूस थकून, गुंगून शांत पडलाय आणि आवाजही कमी झालाय, तर ते बरं वाटणं नाही. हवाच इतकी कमी जातेय की आवाज व्हायलाही पुरत नाही.

आणि ते बसणं. आडवं पडलं की जीभ आणि ते जड झालेलं झाकण वजनाने मागे जातं आणि उरलेली फट अजून बुजते. पुढे झुकून हनुवटी पुढे काढली की ते सगळं पुढे सरकतं आणि वाट जरा मोकळी होते. हे कोणी शिकवलेलं नसतं, शरीर स्वतःच ती जागा शोधून काढतं. म्हणून जो माणूस असा बसलाय त्याला बळजबरीने झोपवायचं नाही, घरी नाही, गाडीत नाही, स्ट्रेचरवर पण नाही.

थोडं गणित सांगते, घाबरू नका, सोपं आहे. नळीतून हवा शांत वाहत असेल तर नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, 16 पट होतो. तान्ह्या बाळाची श्वासाची वाट सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 4 मिलिमीटर असते, तिथे चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली की उरले 2, म्हणजे 16 पट अडथळा. मोठ्या माणसाची वाट 8 धरली तर तेवढ्याच सुजेने 6 उरते आणि अडथळा साधारण तिप्पट होतो. म्हणून लहान मुलं इतक्या पटकन ढासळतात. पण यातून मोठ्यांसाठी पण एक गोष्ट कळते, की सूज सावकाश वाढत असली तरी त्रास सावकाश वाढत नाही. बराच वेळ माणूस "ठीक आहे" असतो आणि मग शेवटच्या थोड्याशा सुजेत एकदम बिघडतं.

यातच तो ऑक्सिमीटर येतो. हल्ली बऱ्याच घरात असतो आणि रात्री बाराला कोणीतरी बोटाला लावतं, 97 दाखवतो, आणि सगळे सुस्कारा सोडतात. इथे त्या 97 वर अजिबात जाऊ नका. फुप्फुसं चांगली आहेत, माणूस जोर लावून का होईना हवा आत ओढतोय, आणि त्या हवेतून रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळतोय, म्हणून आकडा चांगला दिसतो. आकडा पडतो कधी, तर ओढणारे स्नायू दमले किंवा फट बंद झाली की, आणि तेव्हा तो धाडकन पडतो. न्यूमोनियात ऑक्सिमीटर आधी इशारा देतो, घशाच्या अडथळ्यात तो शेवटी देतो. मानेच्या खालचा खळगा श्वासाबरोबर आत खेचला जातोय का, बरगड्यांमधली कातडी आत जातेय का, माणूस एक वाक्य सलग बोलू शकतोय का, हे डोळ्यांनी बघितलेलं जास्त खरं.

तर आपल्या गृहस्थांना मुलीने रात्री साडेअकराला अॅम्ब्युलन्स बोलावून मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, बसवूनच नेलं. तोंडाने काही दिलं नाही, गोळी नाही, पाणी नाही, वाफ नाही, गुळण्या नाहीत, कारण गिळता न येणाऱ्या घशात गेलेली कुठलीही गोष्ट श्वासनळीत जाऊ शकते, आणि पुढे भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. पाठीत थापा मारणं, पोट दाबणं हे पण नाही, ते घशात काही अडकलं असेल तर करतात, सुजेवर त्याचा काही उपयोग नाही. चमच्याने जीभ दाबून आत बघणं तर नकोच, विशेषतः लहान मुलात.

तिथे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घातली, ते बसलेले असतानाच. त्यात दिसलं की झाकण लालभडक, फुगलेलं आणि मागची फट अगदी थोडी उरलेली. तोंडातून बघितलेला घसा तेव्हाही जवळजवळ नॉर्मलच होता! सीटी स्कॅनला लगेच पाठवलं नाही, कारण सीटीसाठी सपाट झोपावं लागतं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, यात सेफ्ट्रिआक्सोनसारखं औषध बरेचदा वापरतात. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडही बऱ्याचदा देतात पण त्याच्या भरवशावर कोणी बसत नाही. अँटिबायोटिकने फरक दिसायला एखादा दिवस किंवा जास्त लागतो आणि सूज वाढायला काही तास पुरतात, म्हणून औषध देऊन घरी पाठवता येत नाही, कोणीतरी शेजारी बसून वाट सांभाळावी लागते, तेच आयसीयूचं खरं काम.

मोठ्या माणसांत बहुतेकांना नळी घालावी लागत नाही, लक्ष ठेवून भागतं. यांची फट मात्र फार कमी होती आणि सूज वाढत चालली होती, म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. भूलतज्ज्ञांनी यांना पूर्ण झोपवलं नाही, कारण झोपवलं की स्नायू सैल पडतात आणि जी थोडी वाट उघडी आहे ती पण मिटू शकते. घसा औषधाने बधिर करून, जागं ठेवूनच, दुर्बिणीवरून नाकातून नळी श्वासनळीत सरकवली. शेजारी सर्जन हात धुवून तयार उभे होते, नळी गेली नाही तर मानेला समोरून छेद देऊन श्वासाची वाट करायला. ते करावं लागलं नाही. दोन दिवसांनी परत दुर्बिणीने बघितलं, सूज उतरलेली, नळीच्या बाजूने हवा निसटतेय म्हणजे जागा झालीय याची खात्री केली आणि नळी काढली.

गळ्याला छेद हा शब्द ऐकून नातेवाईक हादरतात, सही करताना हात थरथरतो, ते मी समजू शकते. म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. 1799 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा दुखायला लागला, आवाज बसला, मग दिलेलं औषध गिळता येईना, ते घेताना गुदमरायला झालं, श्वास लागायला लागला, आणि 14 डिसेंबरला रात्री ते गेले. बऱ्याच डॉक्टरांचं आज मत आहे की तो एपिग्लॉटायटिसच असावा. त्या काळच्या पद्धतीने त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं, दोन लिटरच्या वर. तिथल्या तीन डॉक्टरांपैकी सगळ्यात तरुण, एलिशा डिक, यांनी श्वासनळीला छेद द्यायचं सुचवलं होतं, बाकीच्यांनी मान्य केलं नाही. तेव्हा ते ऑपरेशन जवळजवळ कोणी करत नसे. आज ते ठरलेलं, शिकवलेलं ऑपरेशन आहे आणि तो छेद नंतर बहुतेक वेळा बंद करता येतो.

लहान मुलांचं थोडं वेगळं बोलायला हवं. पूर्वी हा मुख्यतः दोन ते सहा-सात वर्षांच्या मुलांचा आजार होता आणि करणारा जंतू बहुतेक वेळा एकच, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी. त्याची लस, जिला आपण हिब म्हणतो, ती लहान मुलांना द्यायला लागल्यापासून मुलांमधलं प्रमाण इतकं घसरलं की आता जिथे लस नीट दिली जाते तिथे रुग्ण जास्त करून मोठी माणसंच असतात. मुलात तो आला तर वेगाने येतो, सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी जोराचा ताप, तोंडातून लाळ, भेदरलेला चेहरा, बोलत नाही, पुढे झुकून बसलंय. क्रुप म्हणजे लहान मुलांचं स्वरयंत्र आणि त्याखालची वाट सुजणं, त्याच्याशी याची गल्लत होते, पण क्रुपमध्ये भुंकल्यासारखा खोकला असतो, आवाज घोगरा असतो, आणि मूल लाळ सहसा गिळतं. इकडे खोकला फारसा नसतो आणि लाळ गळते. दात येणाऱ्या बाळाची पण लाळ गळते, पण ते हसतं, दूध पितं, नीट श्वास घेतं.

अशा मुलाला आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर, त्याला हव्या त्या पोझिशनमध्ये राहू द्या आणि तसंच न्या. त्याला रडवू नका, हे लाडाचं नाही, रडताना मूल जोरात आणि भराभर हवा ओढतं आणि त्या खेचेने मऊ भाग अजून आत येतो. म्हणूनच चांगला डॉक्टर अशा मुलाला बघून लगेच सुई टोचत नाही, आधी भूलतज्ज्ञाला बोलावतो. "अजून सलाईन पण लावलं नाही" म्हणून तिथे भांडू नका.

लाळ-आवाज-श्वास हे तिन्ही फक्त याच आजारात दिसतं असं अर्थातच नाही. टॉन्सिलच्या मागे पू झाला की आवाज असाच दबका होतो, पण दुखणं एका बाजूला जास्त असतं आणि तोंड पूर्ण उघडत नाही. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली पसरला की हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक होतो आणि जीभ वर उचलली जाते, तो पण तितकाच धोक्याचा. मुलाला एकदम लाळ सुटली, ताप नाही, खायला नको म्हणतंय, तर त्याने बटणासारखी बॅटरी गिळलीय का हे आधी डोक्यात आणा, ती अन्ननळीत अडकली तर दोन तासांतही जाळते. अंगावर पित्त उठून ओठ-जीभ सुजली तर ती अॅलर्जी, तिथे मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन आधी. आणि ब्लडप्रेशरच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येतं, एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे, त्यांच्याने कोणाकोणाची जीभ-घसा सुजतो, वर्षानुवर्षं गोळी नीट चालू असताना सुद्धा, आणि ती सूज अॅलर्जीच्या नेहमीच्या औषधांना सहसा दाद देत नाही, त्यामुळे कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा. घरी बसून यातलं नेमकं कुठलं हे ठरवायची गरज नाही, निघायचं सगळ्यांतच.

निघताना स्वतः गाडी चालवत जाऊ नका, वाटेत श्वास अडला तर काहीच करता येत नाही. वाटेत शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर झोपवून सीपीआर सुरू करा, तोंडाने श्वास देता येत असेल तर द्या, सुजलेल्या फटीतूनही जोराने दिलेली हवा बऱ्याचदा आत जाते. फोनवर आणि कॅज्युअल्टीच्या काउंटरवर "घसा दुखतोय" एवढंच बोललात तर तुम्हाला रांगेत बसवतील, आणि त्यांचं पण बरोबर आहे, घसादुखीचे दिवसाला कितीतरी जण येतात. त्याऐवजी असं सांगा: "थुंकी गिळता येत नाहीये, आवाज दबका झालाय, आडवं झोपता येत नाही, सुरू होऊन इतके तास झाले, डायबेटीस आहे."